तुझ्या प्राण्याचं बारसं

चि. मृत्युंजयास अनेक आशीर्वाद,

बारशाचा मान आत्याचा. मग ते पाळण्यातलं बाळ असो की लोणारच्या तळाशी निजलेलं अजस्र जनावर. तुझ्या गोष्टीची पहिली दोन प्रकरणं वाचली. गोष्ट धरून ठेवते, पण जनावराचं ‘ड्रॅगोरियस’ हे नाव खोड बाबा. चिंगीसारखी अकरा वर्षांची पोर त्याला लाडाने काय म्हणणार, ड्रॅग्या? ‘ड्रॅगोरियसच्या’, ‘ड्रॅगोरियसने’ लिहायला तुलाही जड गेलंय. चौथ्या पानापासून तू नुसतं ‘तो प्राणी’ म्हणून वेळ मारून नेली आहेस.

लांब नाव कुठे मोडेल ते आधी बघावं, हे मी तुझ्यामुळे शिकले. तुझ्या कानात कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले आणि मृत्युंजय ठेवलं. पहिलीत जाऊन महिना झाला नाही तोच पोरांनी मृत्या केलं. जय राहिला बाजूला, मरण तेवढं हाती आलं. त्याची भरपाई म्हणून आता हे.

तिमिंगिलगिल. हे माझ्या पदरचं नाही, संस्कृतात आहेच. तिमी म्हणजे प्रचंड मासा, त्याला गिळणारा तिमिंगिल आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. नावातच एकाच्या पोटात दुसरा. तुझे राजपुरोहित हे पूर्ण म्हणतील, त्यांना तेवढाच उद्योग. गावकरी तिमोबा म्हणतील, चिंगी तिमू, आणि रागावली की तिम्या. शेपटाकडून तोडलंस तर गिलू, पण ते अगदी कुक्कुल्या बाळासाठी. वाईट एवढंच की हा समुद्राचा जीव, आणि लोणारपासून समुद्र लांब.

वज्रदंष्ट्र. रामायणात या नावाचा राक्षस आहे, अंगदाने त्याला मारलं. म्हणून पुढे पाषाण जोडून ‘पाषाणवज्रदंष्ट्र’ कर, बेसाल्टच्या काळ्या कड्यांना शोभेल. लाडात वजा, वजू, वजोबा. वज्या म्हटलं की लगेच कोणीतरी पैलवान डोळ्यांपुढे येतो. चिंगीच्या धाकट्या भावाचे पुढचे दोन दात पडलेत ना? त्याला ‘दंष्ट्र’ म्हणायला लाव, एक पान नुसत्या हसण्यात जाईल.

हिरण्यशल्क. सोन्याच्या खवल्यांचा. हिरू, हिरोबा, हिऱ्या. यातलं हिऱ्या मला फार आवडतं, कारण चिडून म्हटलं तरी त्यात हिरा उरतो. मात्र ‘हिरण्या’ करू नकोस. लगेच कशिपू येऊन बसेल आणि मग खांब फोडून नरसिंहही आणावा लागेल.

ज्वालाजिव्ह. जिभेची ज्वाळा झालेला. मोडलं की जिवा. जिवबा, जिवू, जिव्या असं हवं तसं वळतं. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण पोरांना पाठ असते, त्यामुळे हाक मारल्याबरोबर हा वाचवणारा आहे हे न सांगता कळतं. शिवाय ‘अरे माझ्या जिवा’ म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली तर तो लाड की नाव, हे ज्याचं त्याने ठरवावं. प्राणी नरच हवा असा हट्ट असेल तर हेच घे.

वासुकी, तक्षक, शेष मुद्दाम टाळले. ती नावं सगळ्यांची आहेत. वासुकी तर शास्त्रज्ञांनीही उचललं: कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत एका अगडबंब सापाचे मणके सापडले, लांबी ११ ते १५ मीटर धरतात, त्याचं नाव २०२४ मध्ये ‘वासुकी इंडिकस’ ठेवलं. नवनागांमध्ये एक कंबल आहे, त्याचा मोह मला झाला होता. हिवाळ्यात चिंगी त्याच्याखाली झोपली असती. पण विनोद एकदाच होतो आणि तुझी प्रकरणं बावीस.

आता खरं मनातलं. तुझा प्राणी ‘तो’ कशाला? लोणारच्या काठावर कमळजादेवी आहे, आपल्या मुलखात जाखाई, यमाई, मरीआई आहेत. काठावरची माणसं तळाशी कोणी आहे असं मानतील तर ती आईच असेल. मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिभा सांगितल्यात: काली, कराली, मनोजवा, सुलोहिता, सुधूम्रवर्णा, स्फुलिंगिनी, विश्वरुची. त्यातली सहावी उचल.

स्फुलिंगिनी. ठिणग्यांची. म्हणून बघ, तोंडातून ठिणग्या उडतात की नाही. आणि घरी आली की फुली. गावासाठी फुलाई, चिंगीसाठी फुली आणि फुलू, उशीर झाला की ‘ए फुल्ये’. धाकट्याला ‘स्फु’ म्हणता येत नाही म्हणून तोच पहिल्यांदा फुली म्हणतो, असं केलंस तर लाडाचं नाव कुठून आलं हेही आपोआप सांगून होईल. रात्री मात्र कोणी नाव घेत नाही. सापाला नाही का जनावर, लांबडं म्हणत? तसं हिला ‘खालची’ म्हणतील. ‘खालची कूस बदलतेय’ म्हणाले की दिवे बारीक करायचे. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी खरोखर गुलाबी झालं होतं. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं ते, पण तुझ्या गोष्टीतली म्हातारी म्हणेल, खालचीने जीभ धुतली.

वर फुली म्हणजे काट्याची खूणही. चिंगीने खडकावर कोळशाने फुली मारली की ही जागी होते. तिला गणितात मिळालेल्या फुल्या तू पहिल्या प्रकरणात मोजून दाखवल्या आहेस, त्यांचा एवढा उपयोग होईल असं तुलाही वाटलं नसेल.

बहिणी लागल्या तर सुधूम्रवर्णेची धुमी, सुलोहितेची लोही, मनोजवेची मनू. करालीला लाडाचं नाव देऊ नकोस, एक तरी भीतीची राहू दे.

काल संध्याकाळी गॅलरीत उभी राहून सगळ्या हाका मारून पाहिल्या. तिम्याला खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. जिवाला कोणी दाद दिली नाही. ‘फुल्ये’ म्हटलं तर कोपऱ्यावरची हारवाली मान वर करून म्हणाली, “काकू, फुलं संपली, उद्या या.” ऐकू जातं एवढं नक्की.

सातव्या प्रकरणातल्या पुकाऱ्यासाठी बिरुदावली लिहून पाठवते. भालदाराने एका दमात म्हणायची, खाली नुसतं तळं:

“लवणह्रदनिवासिनी, कृष्णशिलागर्भसंभवा, सहस्रशल्का, सप्तजिव्हांतली सहावी, निद्रिता परी न मृता, महाज्वालिनी श्री स्फुलिंगिनी देवी, जागी हो!”

पाणी हलत नाही. भालदार पुन्हा म्हणतो, या वेळी खोकला येतो. राजा घाम पुसतो. मग चिंगी त्याच्या अंगरख्याखालून वाकून काठाशी जाते.

“फुल्ये, ऊठ गं. उजाडलंय.”

पुढचं प्रकरण घेऊन रविवारी जेवायलाच ये. धपाटे या वेळी माझ्याकडून, थालीपिठाच्या भाजणीचे.

तुझी,
आत्या