म्हातारी आणि भोपळा: गोष्ट ऐकून झाल्यावरच्या गप्पा (इयत्ता दुसरी)

मुलांनो, गोष्ट संपली, आता गप्पा! हात वर करायची घाई नको. आधी मनातल्या मनात गोष्ट आठवा. लगेच सुचलं नाही तर म्हणा, "बाई, थांबा ना जरा." मी थांबेन.

म्हातारी कोणाकडे निघाली होती? वाटेत तिला कोण कोण भेटलं? वाघ समोर आल्यावर ती काय म्हणाली? चला, सगळे मिळून म्हणू: "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन..." पुढचं तुम्ही म्हणा. शाब्बास! मागच्या रांगेचा आवाज तर अगदी वाघापर्यंत पोचला असेल.

वाघाला बघून म्हातारीला कसं वाटलं असेल? चेहऱ्यावर करून दाखवा. तुम्हाला कधी अशी भीती वाटली होती का? वर्गात सांगायचं नसेल तर शेजारच्याच्या कानात सांगा. नाहीच सांगितलं तरी चालेल.

आता मला फार आवडणारा प्रश्न. परत येताना वाघानं विचारलं, तेव्हा भोपळ्यातून आवाज आला, "म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक!" म्हणजे म्हातारी खोटं बोलली. जीव वाचवायला असं बोललं तर चालेल का? कोण म्हणतं, हो? कोण म्हणतं, नाही? दोन्ही उत्तरं मला ऐकायची आहेत, फक्त "कारण..." म्हणून पुढे सांगा. मित्राचं ऐकून मत बदललं? छान, तेही सांगा.

लेकीनं आईला भोपळ्यातच का बसवलं? टोपलीत का नाही? हा सुकलेला भोपळा हातात घ्या आणि पुढे द्या. जड आहे की हलका? टिचकी मारा. कानाशी धरून हलवा. आत काय खुळखुळतंय? पूर्वी विहिरीत पोहायला शिकणारी मुलं असाच भोपळा पाठीला बांधायची. तो का बुडत नसेल? तंबोऱ्याचा खालचा गोल भागही सुकलेल्या भोपळ्याचाच असतो. आता टिचकीचा आवाज पुन्हा ऐका बरं.

भोपळा टुणूक टुणूक गेला. तो पाण्यात पडला असता तर कसा आवाज आला असता? आणि वाळलेल्या पानांवरून गेला असता तर? घरी जो शब्द वापरता तोच सांगा, पुस्तकातला नको.

तुम्ही म्हातारीच्या जागी असता तर काय युक्ती केली असती? बोलायचं नसेल त्यांनी चित्र काढा. चित्र हेही उत्तरच आहे.

आज घरी आजी, आजोबा, आई, बाबा, कोणालाही ही गोष्ट सांगायला लावा. त्यांच्या गोष्टीत काय वेगळं आहे? आधी कोल्हा भेटतो की वाघ? शेवटी काय होतं? उद्या आल्या आल्या मला ते ऐकायचंय.