राजीनामा : वरिष्ठ अभियंता, गुणवत्ता विभाग

दि. २ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

विषय : नोकरीचा राजीनामा

आदरणीय साहेब,

सा. न. वि. वि.

मी गुणवत्ता विभागातील वरिष्ठ अभियंता या पदाचा राजीनामा देत आहे. नियमाप्रमाणे एक महिन्याची नोटीस धरून बुधवार, २ जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस असावा, ही विनंती. चाकणच्या एका कंपनीत कास्टिंग पुरवठादारांच्या विकासाचे काम मिळाले आहे. इथे माझी काही तक्रार आहे म्हणून जात नाही, हे मुद्दाम लिहितो.

२०१४ साली डिप्लोमा करून आलो, तेव्हा मला थेट लॅबमध्ये बसायचे होते. आपण आधी सॅण्ड प्लांटला पाठवलेत. तेव्हा राग आला होता. पण वाळू मुठीत दाबून मोडायची, कडा न ढासळता तुटली तर ओल बरोबर, हे तिथल्या मामांनी शिकवले. मीटरचा आकडा त्यानंतर कळायला लागला. रिजेक्ट कास्टिंग कापून बघितल्याशिवाय कारण लिहायचे नाही, ही शिस्त आपली. भोक आतून गुळगुळीत असेल तर गॅस, खडबडीत असेल तर श्रिंकेज, एवढा साधा फरकही मला पुस्तकातून कधी नीट समजला नव्हता.

एक प्रसंग विसरणार नाही. एसजी आयर्नची हीट, मॅग्नेशियम ट्रीटमेंट झालेली आणि क्रेन अडकली. गाडी गेटवर उभी होती, सगळे 'ओता, ओता' म्हणत होते. उशीर झाल्याने मॅग्नेशियम उतरले असणार, म्हणून मी लॅडल पिग करायला सांगितले. मी तेव्हा ज्युनिअर. आपण सगळ्यांसमोर एवढेच म्हणालात, "तो नको म्हणतोय ना? मग नको." त्या दिवसापासून मी सही जपून करतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात हायवे बंद पडला, काम थांबले, तरी कुणाचा पगार कापला गेला नाही. घरात पाणी शिरलेल्या आम्हा लोकांसाठी ते किती मोठे होते, हे तेव्हा बोलायचे राहून गेले. आज मनापासून आभार मानतो.

स्पेक्ट्रोचे कॅलिब्रेशन रेकॉर्ड, वाळूची रजिस्टरे आणि ग्राहकांच्या चालू तक्रारींची फाइल या महिन्यात विभागातील सहकाऱ्यांकडे सोपवतो. २० जूनच्या ऑडिटला मी असेनच. नवीन माणूस नंतर आला, तरी एखाद्या रविवारी येऊन त्याला सगळे दाखवीन. त्याचा मोबदला नको. (रात्रपाळीचा चहा सुधारला तर मात्र आनंद होईल.)

राजीनामा स्वीकारून अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्तीचे पत्र द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
संदीप
वरिष्ठ अभियंता, गुणवत्ता विभाग

प्रत : मनुष्यबळ विभाग