उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार 2024-25 : सन्मानपत्राचा मजकूर

कदमसाहेब,

नमस्कार. मानेवहिनींच्या सन्मानपत्राचा तुम्ही पाठवलेला मसुदा वाचला. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, मितभाषी, सदैव हसतमुख हे चारही शब्द काढून टाकलेत, राग मानू नका. गेल्या वर्षी बॉयलर विभागातल्या सत्कारालाही हेच चार होते, आणि मानेवहिनी दूध स्वीकृतीच्या डॉकवर हसतमुख असतात हे कुठल्याही टँकर ड्रायव्हरला पटणार नाही.

दुसरं म्हणजे, जुलैमधला म्हशीच्या दुधाच्या फॅटचा विषय तुम्ही वगळलाय. फोनवर तुम्ही म्हणालात, "संघाचीच चूक संघाच्या कार्यक्रमात कशाला उगाळायची?" पण हा पुरस्कार त्याच कामासाठी आहे. तो विषय नको असेल तर निवड समितीने दुसरं नाव काढावं. अध्यक्षसाहेबांशी मी बोललोय, त्यांची हरकत नाही. उलट ते म्हणाले, तिन्ही तालुक्यांतल्या दूध संस्थांच्या सचिवांना ही गोष्ट आधीच माहीत आहे, आपण लपवली तर आपणच वाईट दिसू.

पितळी पाटीवर नाव धरून सहा ओळी बसतात असं कोरणारा म्हणाला. तो मजकूर असा:

श्रीमती सुनीता आनंदराव माने, प्रयोगशाळा सहायक
सोळा वर्षे दूध स्वीकृती डॉकवर.
जुलै 2024 मध्ये यंत्र म्हशीच्या दुधाची फॅट दोन पॉइंट कमी दाखवत होते.
ती चूक संघाच्या फायद्याची होती. कुणी विचारलेही नव्हते.
त्यांनी स्वतः तपासले, लेखी कळवले,
आणि 23 संस्थांच्या उत्पादकांना त्यांचे पैसे मिळाले.

यात 'तफावत' किंवा 'फरक' हा शब्द मुद्दाम टाळलाय. आपल्याकडे फरक म्हटलं की लोकांना दिवाळीचा दूधफरकच आठवतो, आणि सभेत कुणीतरी उठून यंदा किती देणार ते विचारणारच.

व्यासपीठावरून अध्यक्षसाहेबांनी वाचायचा मजकूर खाली देतोय. तीन-साडेतीन मिनिटांचा आहे. मोठ्या टायपात काढून द्या, त्यांचा चष्मा गाडीतच राहतो.

"मंडळी, आज 26 नोव्हेंबर, राष्ट्रीय दुग्ध दिन. डॉ. वर्गीस कुरियन यांचा जन्मदिवस. आजच्या दिवशी पुरस्कार द्यायचा तर दुधाच्या मापाशी ज्याचा हात आहे अशाच माणसाला द्यावा, असं समितीचं मत पडलं.

तुम्ही सकाळी संस्थेत दूध घालता, ते टँकरने आपल्या डॉकवर येतं. तिथं मानेवहिनी नमुना काढतात. तो आकडा काय लागला, त्यावर संस्थेचं दहा दिवसांचं बिल ठरतं. फॅटचा एक पॉइंट म्हणजे दशांश एक. ऐकायला काहीच नाही. पण ज्याच्या दोन म्हशी आहेत, त्याच्या घरात त्या एका पॉइंटवर पेंडीचं पोतं येतं किंवा राहतं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये आपल्या तपासणी यंत्राची सर्व्हिसिंग झाली. त्यानंतर चार दिवसांनी वहिनींच्या लक्षात आलं, की एका संस्थेचं म्हशीचं दूध, जे वर्षानुवर्षं सातच्या खाली उतरत नाही, ते सलग सहा दशांश आठ लागतंय. पावसाळ्यात ओला चारा असतो, फॅट उतरते, असं म्हणून सोडून देता आलं असतं. आम्हीही तेच म्हटलं असतं.

त्या दिवशी पहिली पाळी संपल्यावर त्यांनी कपाटातून जुन्या काचेच्या ब्युटिरोमीटर नळ्या काढल्या. ही गर्बर पद्धत. नव्या पोरांनी पाहिलीही नसेल. नळीत दहा मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर हलक्या हाताने पावणेअकरा मिली दूध, वर एक मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं. नळी इतकी तापते की फडक्यात गुंडाळल्याशिवाय धरवत नाही. मग ती फिरवायची, पासष्ट अंशांच्या पाण्यात ठेवायची, आणि वर आलेला पिवळा थर डोळ्यांसमोर धरून वाचायचा. त्यांनी बारा संस्थांचे नमुने असे केले. बाराही ठिकाणी यंत्रापेक्षा काच दोन पॉइंट जास्त दाखवत होती. यंत्रात म्हशीच्या दुधाचं कॅलिब्रेशन सरकलं होतं. गाईचं बरोबर होतं, म्हणून ओरड झाली नाही.

आता हे ध्यानात घ्या. फॅट जास्त लागली असती, तर संघाचं नुकसान म्हणून वरिष्ठांनीच आठ दिवसांत शोधून काढलं असतं. कमी लागत होती, म्हणजे पैसे आपल्याच गल्ल्यात राहत होते. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. संध्याकाळच्या टँकरच्या आधी त्यांचा अर्ज गुणवत्ता विभागाच्या टेबलावर होता. वहीच्या कागदावर, चार ओळींचा, खाली बारा आकडे दोन रकान्यांत.

नऊ वेळच्या संकलनाचा हिशेब पुन्हा केला. 23 संस्थांना मिळून 1 लाख 16 हजार रुपये पुढच्या बिलात जमा झाले. तेव्हापासून दर सोमवारी यंत्राचे सहा नमुने काचेवर ताडून बघायचे, असा नियम केलाय. ते कामही त्यांच्याच अंगावर पडलं, हे मला मान्य करायला हवं.

याच वर्षी दोनदा दही लागलं नाही, तेव्हा दुधात अँटिबायोटिक आलंय हे पट्टी लावून त्यांनीच शोधलं. पाश्चरायझेशनने ते जात नाही आणि विरजण मरतं. नुसतं दूध परत पाठवून त्या थांबल्या नाहीत. त्या संस्थेत जाऊन, दगडी झालेल्या जनावराचं दूध उपचार चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळं ठेवा, हे बायकांना गोठ्यात उभं राहून सांगून आल्या.

वहिनी, पुढे या."

इथं वाचन थांबवायचं. टाळ्या झाल्यावर पुन्हा गुणवर्णन नको.

काही किरकोळ गोष्टी. सूत्रसंचालकाने 'माने मॅडम' म्हणू नये, डॉकवर त्यांना सगळे वहिनीच म्हणतात. नावात 'आनंदराव' हवंच, त्यांनी स्वतः सांगितलंय. अक्षरं पाटीवर जाण्याआधी त्यांच्या मुलीकडून एकदा तपासून घ्या, 'सुनीता'चा नी दीर्घ आहे, तुमच्या मसुद्यात ऱ्हस्व होता. साडी-नारळाऐवजी फक्त शाल ठेवा. आणि रकमेचा चेक नको, थेट खात्यात टाका. मागच्या वेळी मोठ्या पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढला आणि खरा चेक दीड महिना निघाला नाही.

कार्यक्रम पाचला आहे. सत्कार पहिल्या अर्ध्या तासात उरकता येईल का ते बघा. वहिनींनी विचारलंय. त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी आहे, आणि साडेसहाला संध्याकाळचा पहिला टँकर येतो.

आपला,
गुणवत्ता विभागप्रमुख