योगशिक्षक किंवा योगशिक्षिका हवेत : पाथर्डी फाटा, नाशिक

पाथर्डी फाटा परिसरातील आमच्या ९६ फ्लॅटच्या सोसायटीत नियमित वर्ग घेण्यासाठी योगशिक्षक किंवा योगशिक्षिका हवेत. आधीच्या मॅडम लग्न होऊन पुण्याला गेल्या, तेव्हापासून हॉलमधल्या सतरंज्या गुंडाळूनच ठेवल्या आहेत.

सकाळी दोन बॅच आहेत, सोमवार ते शनिवार. पहिली ६ ते ७, नोकरदारांची. यातले बरेच जण अंबड एमआयडीसीत जातात, त्यामुळे सातला वर्ग सुटलाच पाहिजे. दुसरी ७.१५ ते ८, ज्येष्ठांची. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बघता दोन्ही बॅच अर्धा तास उशिरा सुरू होतात. संध्याकाळी ५ ते ६ महिलांची बॅच असते, फक्त सोमवार, बुधवार आणि शुक्रवार.

सकाळच्या दोन्ही बॅचचे मिळून दरमहा १२,००० रुपये आणि संध्याकाळची बॅच घेतल्यास आणखी ४,५०० रुपये. फक्त सकाळ जमत असेल तरी चालेल. मानधन माणशी नाही, ठरावीक आहे. पावसाळ्यात हजेरी रोडावते, पण म्हणून पैसे कापले जाणार नाहीत. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत रक्कम खात्यावर जमा होईल. रविवार, सणांच्या सुट्ट्या आणि महिन्याला एक रजा धरलेली आहे. त्याहून जास्त दिवस जमणार नसेल, तर बदली शिक्षक तुम्हीच पाठवायचा.

मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका, योग सर्टिफिकेशन बोर्डाचं प्रमाणपत्र किंवा तत्सम शिक्षण हवं, आणि शिकवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव. ज्येष्ठांच्या बॅचबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. त्यात बीपीवाले आहेत, दोघांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, एका आजोबांना कानाने कमी ऐकू येतं. खुर्चीवर बसून करायचे प्रकार, सूक्ष्म व्यायाम, संथ अनुलोम-विलोम येणारी व्यक्ती हवी. बीपीच्या माणसाकडून जोरात कपालभाती करून घेणारे नकोत. शीर्षासन नाही शिकवलं तरी कोणाचं काही बिघडणार नाही. शिकवणं मराठीतून. काढे-चूर्णं विकायची नाहीत, ही कमिटीची अट आहे.

हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. सतरंज्या, खुर्च्या, माइक आणि स्पीकर सोसायटीचे. गाडी आत लावता येईल. येण्या-जाण्याचा खर्च वेगळा मिळणार नाही, म्हणून सिडको, इंदिरानगर, पाथर्डी गाव या बाजूचे असतील तर उत्तम. पंचवटीहून रोज सकाळी सहाला पोहोचणं आधीच्या एका सरांना झेपलं नव्हतं.

निवडलेल्यांना येत्या दोन रविवारी सकाळी ७ वाजता एक-एक डेमो वर्ग घ्यायला बोलावू. त्याचे ३०० रुपये देऊ, फुकट राबवून घेणार नाही. पहिला महिना दोन्ही बाजूंनी चाचणीचा, नंतर ११ महिन्यांचं लेखी पत्र.

नाव, शिक्षण, सध्या कुठे शिकवता आणि कोणत्या बॅच जमतील एवढं याच मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. पत्ता आणि डेमोची वेळ सेक्रेटरी फोन करून कळवतील. फोन संध्याकाळी सातनंतरच येईल.

– व्यवस्थापन कमिटी