प्रथम सत्राचे शुल्क तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळावी आणि परिपत्रकातील शेवटच्या वाक्याचा खुलासा व्हावा, याबाबत अर्ज

दिनांक : 27 जून 2025
कोल्हापूर

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका यांचे सेवेशी

अर्जदार : सुनंदा, कु. ईश्वरी, इयत्ता सहावी ‘ब’, हजेरी क्रमांक 23, हिची आई

संदर्भ : दिनांक 23 जून 2025 रोजी सूचनाफलकावर लावलेले प्रथम सत्राच्या शुल्काचे परिपत्रक

महोदया,

माझी मुलगी ईश्वरी आपल्या शाळेत पहिलीपासून शिकत आहे आणि यंदा ती सहावीत आहे. वरील परिपत्रक मला मूळ स्वरूपात मिळालेले नाही. वर्गातील एका पालकांनी सूचनाफलकाचा मोबाइलवर फोटो काढून तो पालकांच्या गटावर पाठवला आणि मी तोच वाचून हा अर्ज करीत आहे. शाळा सुटण्याच्या वेळी मला शिवणकामातून येता आले नाही, त्यामुळे फलकापाशी उभे राहून स्वतः वाचणे राहून गेले, हे मी आधीच सांगते. माझ्या वाचनात काही चूक झाली असेल तर ती फोटोमुळे झाली आहे असे समजून सांभाळून घ्यावे, ही विनंती.

फोटो काचेवरून काढलेला आहे आणि काचेत ट्यूबलाइटचा उजेड आडवा पडला आहे. शिक्षण शुल्क 18,000 रुपये, सत्र शुल्क 2,400 रुपये आणि संगणक शुल्क 1,800 रुपये हे तीन आकडे स्पष्ट वाचता येतात. चौथ्या ओळीत ‘उपक्रम व इतर’ असे लिहिलेले आहे, पण त्यासमोरच्या रकमेचा पहिला अंक नेमका त्या उजेडाखाली गेल्यामुळे रक्कम 3,750 आहे की 8,750, हे फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी कळत नाही. खाली एकूण रकमेची ओळ असणार, पण ती फोटोच्या कडेबाहेर राहिली आहे. गटावर दोन पालकांनी 3,750 असे लिहिले आणि एकांनी 8,750 असे ठामपणे सांगितले. एवढ्या फरकावर अंदाज बांधणे मला योग्य वाटले नाही, म्हणून आकड्याची खात्री शाळेकडूनच करून घ्यावी, असे मी ठरवले.

स्पष्ट असलेल्या तीन रकमांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. त्यांची बेरीज 22,200 रुपये होते. गेल्या वर्षी प्रथम सत्रात याच तीन बाबींसाठी याच रकमा मी भरल्या होत्या आणि त्या वेळची पावती या अर्जासोबत जोडली आहे. त्या पावतीवर ‘उपक्रम व इतर’ ही बाब मात्र नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 नुसार शाळेचे शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवले जाते आणि मान्य झालेल्या शुल्काचा तपशील मराठीतही सूचनाफलकावर लावला जातो, एवढी माहिती मला आहे. त्यामुळे ही बाब नव्याने आली असल्यास तिची नेमकी रक्कम किती आहे, त्यात कोणते उपक्रम धरले आहेत आणि तिला समितीची मान्यता केव्हा मिळाली, हे आपण लेखी कळवावे. सहल किंवा स्नेहसंमेलन यांसारखा उपक्रम त्यात असेल आणि त्यात भाग घेणे ऐच्छिक असेल, तर तेही कळावे, कारण या वर्षी आमच्या घरात तेवढी रक्कमसुद्धा मोजून खर्च करावी लागत आहे.

आता हप्त्यांची विनंती करण्याचे कारण सांगते. माझे पती शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. दिनांक 9 जून रोजी कामावर असताना त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर ठेवावे आणि त्यानंतर हाताचे व्यायाम सुरू करावेत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांचा पगार रोजंदारीवर असल्याने कामावर न गेलेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मालकांनी उपचाराचा काही खर्च उचलला, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत, परंतु घरखर्च सध्या माझ्या शिवणकामावर चालतो. ब्लाउज आणि फॉल-पिकोचे काम बाराही महिने असते, पण आषाढात ते थोडे मंदावते आणि गणपतीच्या आधी पुन्हा वाढते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

परिपत्रकानुसार 5 जुलैपर्यंत पूर्ण शुल्क भरायचे आहे. ते एकरकमी भरणे या वेळी मला शक्य नाही, म्हणून 22,200 रुपयांचे 7,400 रुपयांचे तीन समान हप्ते करून द्यावेत, ही माझी विनंती आहे. पहिला हप्ता मी मुदतीच्या आतच, म्हणजे 5 जुलैपर्यंत भरेन आणि त्यासाठीची रक्कम माझ्याकडे आजच बाजूला ठेवलेली आहे. दुसरा हप्ता 11 ऑगस्टपर्यंत भरेन, कारण आमच्या भिशीत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझा नंबर लागतो. तिसरा हप्ता 10 सप्टेंबरपर्यंत भरेन. तोपर्यंत माझे पती कामावर रुजू होऊन त्यांचा ऑगस्टचा पगार हातात आलेला असेल. ‘उपक्रम व इतर’ या बाबीचा खुलासा झाल्यावर जी रक्कम देय ठरेल, ती मी तिसऱ्या हप्त्यासोबत भरेन. या तारखा मी कागदावर हिशेब मांडून, रक्कम कोठून येणार हे पाहून ठरवल्या आहेत. पुढे मागे-पुढे करावे लागू नये यासाठीच मी दोन नव्हे तर तीन हप्ते मागत आहे.

महोदया, या अर्जातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब परिपत्रकाचे शेवटचे वाक्य ही आहे. फोटोत ते पूर्ण वाचता येते आणि ते असे आहे : “शुल्क विहित मुदतीत न भरल्यास संबंधित विद्यार्थ्यांबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.”

योग्य ती कार्यवाही म्हणजे काय, हे परिपत्रकात कोठेही लिहिलेले नाही. विलंब शुल्क आकारणार असाल तर ते भरण्याची आमची तयारी आहे. पालकांना स्मरणपत्र पाठवणार असाल किंवा कार्यालयात बोलावणार असाल, तर तेही योग्यच आहे आणि मी लगेच येईन. पण वाक्यात ‘पालकांबाबत’ असे न म्हणता ‘विद्यार्थ्यांबाबत’ असे म्हटले आहे. त्यामुळे घटक चाचणीला बसू न देणे, ग्रंथालयातून पुस्तक न देणे, निकालपत्रक थांबवणे किंवा वर्गात नाव वाचून दाखवणे, यांपैकी काहीही ‘योग्य ती कार्यवाही’ या शब्दांत बसू शकते. कार्यालयाचा असा हेतू नसावा, असे मला मनापासून वाटते. परंतु हेतू न कळल्यामुळे प्रत्येक घरात त्याचा निराळा अर्थ लावला जात आहे.

आमच्या घरी तो अर्थ ईश्वरीनेच लावला. फोटो बारीक अक्षरांचा होता आणि मी मशीनवर होते, म्हणून मी तिला तो मोठ्याने वाचायला सांगितला. शेवटचे वाक्य तिने वाचले, थांबली, पुन्हा एकदा मनात वाचले आणि मग विचारले, “आई, म्हणजे मला वर्गाबाहेर उभं करणार का?” मी तिला नाही म्हणाले. पण कशाच्या आधारावर नाही म्हणाले, हे मलाही सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा भरताना, “पोट दुखतंय, आज जाऊ नको का?” असे विचारले. शाळेत जाण्यासाठी रोज माझ्या आधी उठणारी ही मुलगी आहे. पाचवीत तिच्या वर्गशिक्षिकांनी तिला शब्दकोश पाहायला शिकवले, तेव्हापासून ती घरी आम्हा दोघांचे शब्द तपासते. आपल्या शाळेने तिला दिलेले हे प्रेम आम्ही विसरलेलो नाही, आणि म्हणूनच एका वाक्यामुळे तिच्या मनात शाळेची भीती बसावी, हे मला सहन होत नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 नुसार कोणत्याही बालकास शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही आणि कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढता येत नाही. हा उल्लेख मी शाळेला कायदा शिकवण्यासाठी करीत नाही. आपण या तरतुदी माझ्यापेक्षा चांगल्या जाणता. शुल्क हा शाळा आणि पालक यांच्यातील व्यवहार आहे आणि त्यातील उशिराची झळ मुलाला लागू नये, एवढेच मला त्यातून म्हणायचे आहे.

म्हणून माझी अशी विनंती आहे की, मुदतीनंतर शाळा नेमकी कोणती कार्यवाही करते, हे एका ओळीत का होईना, पण स्पष्ट लिहून पालकांना कळवावे. ती कार्यवाही केवळ पालकांपुरती राहील आणि चाचणी, निकाल, ग्रंथालय व वर्गातील वागणूक यांवर तिचा परिणाम होणार नाही, असे आपल्याकडून लेखी मिळाल्यास मी तो कागद ईश्वरीला वाचायला देईन. शुल्काविषयी शाळेला मला काही कळवायचे असल्यास ते माझ्या फोनवर किंवा बंद पाकिटातून कळवावे, वर्गात नाव घेऊन कळवू नये, अशीही विनंती आहे. यापुढील परिपत्रके मुलांच्या वहीत छापील चिठ्ठीने पाठवता आली, तर माझ्यासारख्या फलकापर्यंत वेळेवर न पोहोचणाऱ्या पालकांची मोठी सोय होईल.

हप्त्यांबाबतचा आपला निर्णय 3 जुलैपर्यंत कळाल्यास मला पहिला हप्ता त्याप्रमाणे भरता येईल. आपल्याला प्रत्यक्ष बोलायचे असल्यास मी कोणत्याही दिवशी सकाळी 11 नंतर येऊ शकते. माझे पती सध्या घरीच असल्याने तेही सोबत येतील. परिपत्रकाच्या फोटोची छापील प्रत, गेल्या वर्षीच्या पावतीची प्रत आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र या अर्जाला जोडले आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
सुनंदा
(कु. ईश्वरी हिची आई, इयत्ता सहावी ‘ब’, हजेरी क्रमांक 23)