विषय: तुमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावरचा ‘ल’

नमस्कार प्राजक्ता मॅडम,

मी वैदेही. पुण्यात राहते, पाकिटांची आणि लेबलांची डिझाइनं करते, त्यातही देवनागरी अक्षरांचं काम जास्त. आपली ओळख कॉमेंटपुरतीच. मार्चमध्ये तुमच्या कंपनीच्या लिंक्डइन पेजवर हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर पोस्ट होती, तिच्याखाली ‘पेव उघडल्यावर लगेच कुणी आत का उतरत नाही?’ असं विचारणारी मीच. ‘आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबतात,’ असं उत्तर तुम्ही दिलंत आणि ते मी घरी सगळ्यांना सांगितलं. नंतर गच्चीवर कांदा वाळत घातल्याच्या व्हिडिओखाली सुकं खोबरं किती लाल भाजायचं यावरून माझी आणि कऱ्हाडच्या एका काकूंची जुंपली होती, तेही आठवत असेल. काकूंचं बरोबर होतं. मी तसं भाजून पाहिलं.

तिसऱ्या पोस्टवर मात्र मी हात आखडता घेतला. नव्या २०० ग्रॅमच्या पाकिटाचा फोटो होता, मी खाली ‘रंग छान’ एवढंच लिहिलं. रंग छान आहेच. पण आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या आणि त्या चारचौघांत लिहिणं बरं दिसलं नसतं. म्हणून हा मेल. मागच्या आठवड्यात कोथरूडच्या दुकानातून पाकीट विकत आणलं आणि भिंग लावून पाहिलं. मसाला संपत आलाय, पाकीट टेबलावर आहे.

पहिली गोष्ट समोरच्या बाजूची. ‘लसूण’मधला ल हे तुमच्या पाकिटावरचं सगळ्यात ठळक अक्षर, आणि तो दंडाचा ल आहे, हिंदीत चालतो तो. आपण शाळेत गिरवला तो पाकळीचा. शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही पाकळीचाच ल आणि देठाचाच श आहे. यात डिझायनरनं काही मुद्दाम केलंय असं नाही. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं. मराठी वळण पुष्कळदा त्याच फॉन्टच्या पोटात असतं, पण भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. ग्राहक काही ‘ल चुकलाय’ म्हणून पाकीट खाली ठेवणार नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या पोस्ट वाचताना माणूस थेट सांगलीच्या बाजारात उभा असतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘आजीच्या हातची चव’ आहे, आणि त्या आजीनं पाटीवर असा ल कधी काढला नसता. पोस्ट लिहिणाऱ्या माणसानं पाकिटावरची अक्षरं पाहिली नसावीत, असं वाटून गेलं. (पोस्ट तुम्हीच लिहिता असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर माफ करा.)

दुसरी गोष्ट मागच्या बाजूची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. घटक पदार्थ गडद चॉकलेटी पट्टीत पांढऱ्या बारीक अक्षरांत आहेत. तो चॉकलेटी तीन रंग एकावर एक बसून झालाय. म्हणजे छपाईत एखादा सिलिंडर केसभर सरकला की पांढऱ्या जागेत दुसरा रंग शिरतो. इंग्रजी अक्षरं त्यातून कशीबशी तरतात, आपले अनुस्वार तरत नाहीत. माझ्याकडच्या पाकिटावर ‘हिंग’चा ‘हिग’ झालाय, ‘लवंग’चा ‘लवग’. बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, तेव्हा गव्हाचं पथ्य असलेला माणूस नेमकी हीच ओळ शोधत येणार. उपाय साधा आहे: ती पट्टी काढून क्रीम रंगावर एकट्या काळ्यात मजकूर छापायचा. एकच रंग असला की सरकायला दुसरा उरतच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका घरगुती उद्योगाच्या पापडांचं पाकीट केलं होतं. फाइल छपाईला पाठवताना अक्षरांचे आकार करून द्यायला मी विसरले. छापखान्यात तो फॉन्ट नव्हता, मशीननं जवळचा दुसरा उचलला आणि ‘उन्हाळी पापड’मधला न्ह फुटला. न, त्याखाली लोंबणारा हलंत, मग ह. पाच हजार पाकिटं. त्या बाईंनी सगळी वापरली, मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि पुढचं काम दुसरीकडे दिलं. तेव्हापासून माझ्या हातून गेलेली प्रत्येक फाइल छापखान्यात उघडल्यावर कशी दिसते त्याचा फोटो मागवल्याशिवाय मी झोपत नाही. छापखानेवाले वैतागतात.

आता मुद्द्याचं. सगळी मालिका बदला असं मी सुचवत नाहीये. सिलिंडर कोरायला किती खर्च येतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सध्याचा साठा संपून पुढची छपाई निघेल, तेव्हा फक्त या एका पाकिटाचं काम मला देऊन पाहा. तुमचा लाल रंग, कंदील, मांडणी तशीच ठेवायची. ‘कांदा-लसूण मसाला’ ही अक्षरं मी हातानं काढीन, फॉन्टमधून नाही, म्हणजे ती तुमचीच राहतील आणि पुढे गोड्या मसाल्यावर, हळदीवर त्याच वळणात जातील. मागची बाजू नव्यानं लावीन: घटक, पोषणमूल्यं, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, बारकोड. तीन आठवडे लागतील. २८,००० रुपये, निम्मे सुरुवातीला आणि निम्मे अंतिम फाइल हातात पडल्यावर. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्यातच. अक्षरांचे हक्क पूर्णपणे तुमचे. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर काही लागणार नाही. टीडीएस कापलात तर सर्टिफिकेट वेळेवर द्या, एवढीच विनंती, कारण त्यासाठी मी लोकांच्या अकाउंट्स विभागात पुष्कळ फोन केलेत.

सोबत दोन फाइली जोडल्या आहेत. एकीत माझी आधीची नऊ कामं आहेत, त्यातलं चौथं आणि सातवं जरूर पाहा, बाकीची घाईत असाल तर सोडून द्या. दुसरीत तुमच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा भिंगातून काढलेला फोटो आहे आणि शेजारी ‘लसूण’ हा शब्द मी पेन्सिलीनं तीन तऱ्हांनी काढलाय. ते नुसतं कच्चं काम आहे, त्याचे पैसे नाहीत. आवडलं तर तुमच्या आत्ताच्या डिझायनरला दाखवा, त्यांना उपयोगी पडलं तरी मला चालेल. ‘हिंग’चं मात्र कुणाकडूनही करून घ्या.

पाकिटांचा विषय तुमच्याकडे दुसरं कुणी पाहत असेल तर हा मेल त्यांना पुढे पाठवाल का? आणि तुम्हीच पाहत असाल तर पुढची छपाई साधारण कधी आहे, एवढं एका ओळीत कळवा. १२ तारखेला मिरजेला मावशीकडे येतेय, त्या दिवशी दुपारी कुपवाडला कारखान्यात येऊन अर्धा तास बोलता येईल. जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी मनाला लावून घेणार नाही. पोस्टखाली वाद घालायला मी येतच राहीन.

आपली,
वैदेही
पुणे

ता. क. काकूंना माझ्याकडून सांगा, खोबरं आता त्यांच्याच पद्धतीनं भाजते.