वार्षिक सर्वसाधारण सभा: २०२४-२५ च्या हिशेबाचे तक्ते

नमस्कार सभासदहो. ताळेबंद अहवालासोबत घरपोच दिला आहे, म्हणून इथे तीनच तक्ते दाखवतो.

पहिला, उत्पन्न आणि खर्च. जमा ५२,४०,०००, खर्च ४८,६०,०००, वाढावा ३,८०,०००. पण बँकेत वाढले फक्त १,१०,०००. कारण बिल काढलं की ते उत्पन्नात धरलं जातं, पैसे येवोत न येवोत. उरलेले २,७०,००० थकबाकीत अडकलेत. त्यामुळे 'वाढावा आहे, मेंटेनन्स कमी करा' ही सूचना कृपया आज नको!

दुसरा, पाणी. निळा खांब मागच्या वर्षीचा, ७,२०,०००; केशरी यंदाचा, ९,६०,०००. वाढीतले १,८५,००० एप्रिल-मेच्या टँकरचे. बाकी ५५,००० गळतीचे: रात्री पंप बंद, टाकी भरलेली, तरी मीटर फिरत होता. बी विंगच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकून पाणी ओव्हरफ्लोतून थेट गटारात जात होतं. व्हॉल्व्ह बदलला आहे.

तिसरा, थकबाकी. एकूण ६,३५,०००. त्यातले ४,९०,००० पाच फ्लॅटचे, तीन महिन्यांहून जुने. नावं तक्त्यात मुद्दाम घातली नाहीत. उपविधीनुसार सरळव्याज २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं. वसुलीचा ठराव विषय क्रमांक ६ मध्ये आहे.

एक खुलासा: सिंकिंग फंडाच्या ठेवींचं १,९२,००० व्याज पहिल्या तक्त्यात दिसणार नाही, ते त्याच फंडात जमा केलंय. लेखापरीक्षकांचे शेरे पान ९ वर आहेत. प्रश्न विचारताना फ्लॅट नंबर सांगा, इतिवृत्तात लागतो.